दादाचा उजवा कान बंद झाला त्याची पूर्ण केस: आधी बड, मग कँडल, मग शेवटी तेलाचे थेंब

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकू येण्याच्या टेस्ट करते, आणि रोज निदान दोन-तीन जण तरी कानात मळ अडकलेले असतात. पण ही केस माझ्या सख्ख्या दादाची आहे, त्याला विचारून लिहितेय, त्याची एकच अट होती की नाव नको. वय ४६, दिवसभर हेडसेट लावून कॉलवर, शुगर नाही, कानाचं कधी ऑपरेशन नाही, लहानपणी कान फुटलेला नाही. हे सगळं आधीच सांगतेय कारण पुढे जे घरी केलं ते या गोष्टी नव्हत्या म्हणूनच करता आलं.

रविवारी सकाळी आंघोळ करून आला आणि उजव्या कानात दडे बसले. पाणी गेलं असेल म्हणून डोकं हलवलं, एका पायावर उड्या मारल्या, काही नाही. मग नेहमीप्रमाणे कॉटन बड घातला, जो तो गेली पंधराएक वर्षं रोज आंघोळीनंतर घालतो, आणि बडला थोडा पिवळा मळ लागून आला म्हणून त्याला वाटलं निघतोय, म्हणून अजून थोडा आत, अजून थोडा आत, आणि मग कान जो अर्धा बंद होता तो पूर्ण बंद. सोमवारी वहिनीने कुठून तरी इअर कँडलची, म्हणजे कानात उभी करून पेटवायच्या मेणाच्या पोकळ नळ्यांची, जोडी आणली. त्यातली एक लावली. मंगळवारी रात्री मला फोन.

"अगं काहीच ऐकू येत नाहीये उजवीकडून, आणि स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतोय."

फोनवर मी पहिलं मळाचं विचारलंच नाही. पहिलं हे विचारलं की दुखतंय का, पू किंवा रक्त येतंय का, ताप आहे का, खोली गरगरतेय का, चेहरा एका बाजूला वाकडा वाटतोय का. सगळ्याला नाही. मग म्हटलं ओठ मिटून 'म्म्म' असा लांब हुंकार दे आणि सांग तो कुठल्या कानात मोठा वाटतो. तो म्हणाला बंद कानात. मला बरं वाटलं.

कारण असं आहे की एका कानाने अचानक कमी ऐकू येणं म्हणजे दर वेळी मळ नसतो. कधीकधी आतल्या कानाची नसच अचानक मंदावते, आणि माणूस मळ आहे समजून आठवडाभर तेल घालत बसतो, आणि त्या प्रकारात स्टिरॉइडची ट्रीटमेंट पहिल्या काही दिवसांत सुरू झाली तरच जास्त उपयोग होतो, दोन आठवडे उलटले की चान्स बराच कमी होतो. हुंकाराची गंमत अशी की वाट बंद असेल, म्हणजे मळ, पाणी वगैरे, तर आपला स्वतःचा आवाज हाडातून जाऊन बंद कानातच मोठा वाटतो (बोटाने एक कान बंद करून 'म्म्म' करून बघा, लगेच कळेल). पण नसेचा प्रॉब्लेम असेल तर तो चांगल्या कानात मोठा वाटतो. ही काही पक्की टेस्ट नाही, क्लिनिकमध्ये आम्ही ट्यूनिंग फोर्क आणि ऑडिओग्राम, म्हणजे किती आवाजाला ऐकू येतं त्याचा आलेख, करतोच, पण हुंकार चांगल्या कानाकडे गेला आणि ऐकणं अचानक गेलंय तर तेल-बिल काही न करता त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी ईएनटीकडे जायचं.

बुधवारी तो माझ्याकडे आला. ऑटोस्कोपने बघितलं. नळी पूर्ण भरलेली, पडदा अजिबात दिसत नव्हता, आणि मळाचं तोंड कसं होतं तर सपाट. कोणीतरी लाटून, ठोकून बसवल्यासारखं चपटं. वर दोन-तीन पांढरे कापसाचे तंतू चिकटलेले आणि एका कडेला फिकट मेणाचा थेंब, तो कँडलचा. बघितल्या बघितल्या सगळी हिस्टरी कळत होती, विचारायचीही गरज नव्हती.

हे जरा नीट सांगते कारण बडचा सगळा मुद्दा इथेच आहे. कानाची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटीमीटर. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भागच मळ बनवतो, तिथल्या त्वचेत त्या ग्रंथी आहेत. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा, वर एकदम पातळ कातडी, तिथे ग्रंथी नाहीतच. म्हणजे पडद्याजवळ मळाचा मोठा गोळा सापडला तर तो बहुतेक वेळा तिथे तयार झालेला नसतो, कोणीतरी ढकललेला असतो. आणि नळीच्या कातडीची एक भारी सवय असते, ती पडद्यापासून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते, साधारण नख वाढतं त्या वेगाने, आणि वरचा मळ सोबत घेऊन येते, त्यात जबड्याच्या हालचालीने मदत होते. सरकत्या पट्ट्यासारखं. तुम्ही त्या पट्ट्यावर रोज उलटा बड सारता. टोकाला थोडा मळ लागतो म्हणून सफाई झाली वाटते, पण बाकीचा त्या टोकाच्या पुढे जाऊन दाबला जातो, बंदुकीत ठासतात तसा. महिन्या-दोन महिन्यांत जाणवत नाही, कारण बारीकशी फट जरी शिल्लक असली तरी ऐकू जवळपास नॉर्मल येतं. मग एक दिवस आंघोळीचं पाणी जातं, मळ फुगतो, ती शेवटची फट बंद होते आणि माणसाला वाटतं अचानक झालं. दादाचं 'अचानक' पंधरा वर्षांचं होतं.

त्याचा प्रश्न होता, "मग मळ काढायचाच नाही?" नाहीच. मळ म्हणजे घाण नाही, तो थोडा आम्लधर्मी असतो, त्यामुळे जंतू आणि बुरशी फार वाढत नाही, आणि पाणी आत मुरू देत नाही. जो आपणहून बाहेर भोकाशी येतो तो ओल्या कपड्याने पुसायचा. बोट जिथपर्यंत पोचतं तिथपर्यंतच. त्याच्या आत काहीही नाही, बड नाही, पिन नाही, कानकोरणं नाही, किल्ली तर नाहीच (हो, किल्लीवाले लोक आहेत). ढकलणं हा एक त्रास झाला, दुसरा म्हणजे आतली कातडी इतकी नाजूक की ती सोलते आणि इन्फेक्शन होतं, आणि तिसरा पडदा. बडने पडद्याचे अपघात बरेचदा कसे होतात तर माणूस बड कानात ठेवून आरशासमोर उभा असतो आणि मागून कोणीतरी धक्का देतं किंवा कोपर दाराला लागतं. मुलांचं तर विचारूच नका, अमेरिकेत १९९० ते २०१० या काळात कॉटन बडने कान दुखावून इमर्जन्सीमध्ये आणलेल्या १८ वर्षांखालच्या मुलांचा आकडा काढला होता, तो सुमारे २ लाख ६३ हजार आला, म्हणजे दिवसाला चौतीसच्या आसपास.

आता कँडल. वहिनी सोबत आली होती आणि ती जरा हिरमुसली होती, कारण तिने मोबाईलवर मला फोटो दाखवला, जळून उरलेला तुकडा कापलेला आणि आत पिवळसर-तपकिरी भुगा. "हे बघा ना, एवढा तर मळ निघाला होता." मी म्हटलं दुसरी कँडल कुठंय. पर्समध्येच होती. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले, एक रिकामा काचेचा ग्लास घेतला, वर मध्ये भोक पाडलेला पुठ्ठा, त्यात कँडल उभी केली आणि पेटवली. पूर्ण वेळ थांबलो, मग विझवून कापली. आत तोच भुगा, तोच रंग, अगदी तेवढाच. ग्लासला काही मळ नव्हता. वहिनी एकच वाक्य बोलली, "म्हणजे मेणच होतं हे."

कँडलवाल्यांचा दावा असा असतो की पोकळ नळी जळताना वर गरम हवा जाते आणि चिमणीसारखी ओढ तयार होऊन मळ खेचला जातो. हे मोजून बघितलंय लोकांनी, १९९६ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात जळत्या कँडलच्या खालचा दाब मोजला, ओढ शून्य. माणसांच्या कानांवर लावून बघितली तर मळ निघाला नाही, उलट काही कानांत मेण जाऊन बसलं. त्याच अभ्यासात १२२ ईएनटी डॉक्टरांना विचारलं तर कँडलने झालेल्या २१ दुखापती समोर आल्या, भाजणं, मेणाने नळी बंद होणं, पडद्याला भोक पडणं. आणि समजा खरंच ओढ असती, तर एवढा चिकट मळ उपटेल इतकी ओढ पडद्याने सहन केली नसती. अमेरिकेच्या एफडीएने २०१० मध्ये याबद्दल सरळ इशारा दिलाय. दादाचं नशीब चांगलं, एकच थेंब पडला आणि तो मळावर पडला, कातडीवर किंवा पडद्यावर नाही. त्या दिवशी मळानेच त्याचा कान वाचवला, हे मी त्याला अजून ऐकवते.

बुधवारीच ऑडिओग्राम काढला, उजव्या कानाने साधारण ३५ डेसिबल आवाज झाल्यावर ऐकू येत होतं, हाडातून ऐकणं मात्र एकदम नॉर्मल. म्हणजे नस ठीक, वाट बंद. दोन रस्ते होते, लगेच सक्शन करून घ्यायचं किंवा घरी मऊ करून बघायचं. दुखत नव्हतं, घाई नव्हती, सक्शनच्या आवाजाला तो घाबरत होता, आणि नाहीतरी कडक झालेला मळ आधी मऊ केला तर पुढे कोणालाही काढायला सोपं. म्हणून ५ दिवस थेंब.

कुठले थेंब यावर लोक फार वाद घालतात. साधं ऑलिव्ह ऑइल, बदाम तेल (नट्सची ॲलर्जी असेल तर नको), ५ टक्के सोडियम बायकार्बोनेटचे ड्रॉप्स, नुसतं सलाईन सुद्धा. २०१८ च्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे बरेच अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात, या सगळ्यांची तुलना केली आणि एक दुसऱ्यापेक्षा भारी असं काही सिद्ध झालं नाही, आणि एकूणच फक्त थेंबांनी कान पूर्ण मोकळा होण्याचं प्रमाण ५ दिवसांत पाचातला एक असं काहीतरी होतं, काहीच न करण्यापेक्षा बरं पण चमत्कार नाही. हे दादाला आधीच सांगितलं, नाहीतर तिसऱ्या दिवशी वैतागून परत बड.

त्याने ऑलिव्ह ऑइल घेतलं. पद्धत अशी. बाटली पाच मिनिटं मुठीत धरायची म्हणजे तेल अंगाइतकं कोमट होतं, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचं नाही, तेल बाहेरून कळत नाही किती तापलंय ते आणि आत भाजतं. डाव्या कुशीवर झोपायचं, उजवा कान वर. कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, याने मोठ्या माणसाची नळी सरळ होते (लहान मुलांची खाली आणि मागे ओढतात, पण लहान मुलांचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका). ३ थेंब, नळीच्या भिंतीवरून घसरत जाऊ द्यायचे, मध्ये टपकन टाकले तर हवेचा बुडबुडा अडकतो आणि तेल वरच राहतं. मग भोकासमोर जो छोटा कडक उंचवटा असतो तो पाच-सहा वेळा दाबायचा, पंपासारखा. दहा मिनिटं तसंच पडून राहायचं. उठल्यावर बाहेर आलेलं टिश्यूने पुसायचं. कापसाचा बोळा घालायचा नाही, सगळं तेल तोच पितो. दिवसातून तीनदा.

एक गोष्ट सांगून ठेवली की थेंब टाकल्यावर झोंबलं, किंवा घशात तेलाची चव आली, तर तिथेच थांबायचं. घशात चव येणं म्हणजे पडद्याला भोक असू शकतं आणि तेल मधल्या कानातून घशात उतरतंय. मळाने पडदा झाकलेला असतो तेव्हा भोक आहे का हे मलाही दिसत नाही, जुन्या हिस्टरीवरच चालावं लागतं, म्हणून ज्यांचा कान कधी फुटलाय, ऑपरेशन झालंय, पडद्यात नळी बसवलीय त्यांनी घरी काहीच टाकायचं नाही.

दुसऱ्या रात्री फोन. "अगं हे तर वाढलं! आधी थोडं तरी येत होतं, आता ठार बंद." हे होतंच. मळ तेल-पाणी शोषून फुगतो आणि उरलीसुरली फट भरते. नव्वद टक्के लोक इथेच बड उचलतात असं माझं मत आहे (आकडा माझा मनचा, पण बघते रोज). दुखत नाही ना, चक्कर नाही ना, एवढं विचारलं आणि चालू ठेव म्हटलं. वहिनीने बडचा डबाच कपाटावर टाकला. चौथ्या दिवशी जबडा हलवला की कुरकुर आवाज, पाचव्या दिवशी उशीच्या अभ्र्यावर तपकिरी डाग आणि कान अर्धा उघडला.

अर्धाच. म्हणून सहाव्या दिवशी पाणी. मऊ रबरी फुग्याची पिचकारी, जी कानासाठीच मिळते. सुईची सिरिंज नाही, नळाची किंवा शॉवरची धार नाही, दात साफ करायचं पाण्याच्या धारेचं मशीन नाही, त्याचा जोर पडदा फाडू शकतो. पाणी ३७ अंश, उकळून कोमट केलेलं, थर्मामीटरने बघ म्हटलं होतं. आणि इथे आमचा घोळ झाला. पाणी बरोबर केलं, मग टॉवेल सापडेना, मग वाटी सापडेना, तोपर्यंत पाणी गार, आणि ते तसंच मारलं. दोन पिचकाऱ्यांत दादाला गरगरायला लागलं, बेसिन धरून खाली बसला, मळमळ.

घाबरायचं कारण नव्हतं पण थांबायचं नक्की होतं. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या ज्या अर्धगोल नळ्या आहेत त्यातली एक कानाच्या नळीच्या अगदी जवळून जाते. शरीरापेक्षा गार किंवा गरम पाणी आलं की तिच्यातला द्रव हलतो आणि मेंदूला वाटतं डोकं फिरतंय. आम्ही तपासणीत हेच मुद्दाम करतो, ३० आणि ४४ अंशांचं पाणी वापरून, कुठला कान किती प्रतिसाद देतो ते बघायला. म्हणजे फक्त सात अंशांचा फरक पुरतो! पाच मिनिटं एका जागी नजर ठेवून बसला, उतरलं. त्या दिवशी परत पाणी नाही, फक्त थेंब. चक्कर थांबलीच नसती, किंवा सोबत दुखलं असतं, तर सरळ डॉक्टर.

सातव्या दिवशी आधी सगळं मांडून ठेवलं, थेंब टाकून वीस मिनिटं थांबला, मग पाणी. खुर्चीवर बसून, कानाखाली वाटी, मान किंचित त्या बाजूला. पिचकारीचं टोक भोकाच्या तोंडाशीच, आत खुपसायचं नाही आणि भोक पूर्ण बंदही करायचं नाही, नाहीतर पाण्याला परत यायला वाट राहत नाही आणि आत दाब वाढतो. धार सरळ पडद्यावर नाही तर वरच्या-मागच्या भिंतीकडे, म्हणजे पाणी मळाच्या मागे जाऊन त्याला बाहेर ढकलतं. हळू दाबायचं. तिसऱ्या पिचकारीला वाटीत पडला, सेंटीमीटरभर लांब, काळपट तपकिरी, एक टोक सपाट, त्यावर मेणाचा तो थेंब तसाच. वहिनीने फोटो पाठवला, मी जेवत होते, जाऊदे.

दादा म्हणाला एकदम पंख्याचा आवाज यायला लागला. मग डोकं वाकवून पाणी निथळू दिलं, बाहेरून टॉवेल, बस. दुसऱ्या दिवशी बघितलं, नळी थोडी लाल, पडदा अख्खा, ऑडिओग्राम डाव्या कानाइतकाच, १५ डेसिबलच्या आत. तिसऱ्या पिचकारीने काम झालं नसतं तर मी त्याला चौथा-पाचवा दिवस पिचकाऱ्या मारू दिल्या नसत्या, तिथून पुढे सक्शन किंवा लूपने काढणं हे डॉक्टरचं काम. आणि शुगर असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला मी पाणी घरी मारू दिलंच नसतं, त्यांच्यात ओल्या, खरचटलेल्या नळीतून हाडापर्यंत जाणारं इन्फेक्शन होऊ शकतं. ज्याला एकाच कानाने ऐकू येतं त्यालाही नाही.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला, तो म्हणजे खाज. पंधरा वर्षं रोज बडने घासलेली कातडी कोरडी पडते, खाजते, मग बड, मग अजून कोरडी. पहिले दहा दिवस त्याला बडशिवाय चैन पडेना. आठवड्यातून दोनदा एक थेंब ऑलिव्ह ऑइल, आणि हेडसेट रोज थोडा थोडा वेळ बाजूला काढून कान उघडा ठेवणं, एवढंच सांगितलं, आणि खाज वाढून ओल किंवा वास यायला लागला तर दाखव म्हटलं. तीन महिन्यांनी परत बघितलं तर उजव्या नळीच्या बाहेरच्या भागात थोडासा मऊ मळ, पडदा छान दिसतोय.

"काढ ना मग तेवढा," दादा म्हणाला.

मी ऑटोस्कोप डब्यात ठेवला आणि वहिनीला विचारलं तो बडचा डबा कुठंय. अजून कपाटावरच आहे म्हणे, ती आता त्याने शिलाई मशीनमधली धूळ काढते.